खोळंब्याचे मोल

आमचे आजोबा लासलगावला एका आडत्याकडे मुनीम होते. कांद्याच्या गोण्या रेल्वेच्या वाघिणीत चढवायला वेळ लागला, की घरी येऊन ते एकच शब्द उच्चारत, ‘डॅमरेज लागलं.’ लहानपणी मला वाटे, की डॅमरेज म्हणजे डॅमेज, मालाचे काहीतरी नुकसान झाले असावे. गोण्या फाटल्या असतील, कांदा भिजला असेल. तसे काही नसे. माल धडधाकट असे, वाघीण धडधाकट असे. फक्त ठरलेल्या तासांपेक्षा ती वाघीण जास्त वेळ उभी राहिलेली असे, आणि त्या उभे राहण्याचे रेल्वे पैसे लावी.

पुढे मी नाशकात निर्यातीच्या कागदपत्रांचे काम करू लागलो आणि तोच शब्द समुद्राच्या बाजूने पुन्हा भेटला. जुन्या फ्रेंचमधल्या ‘रेंगाळणे, मुक्काम लांबवणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून तो इंग्रजीत आला. मराठीत त्याला ‘विलंबशुल्क’ म्हणतात, पण तो प्रतिशब्द मला पटत नाही. विलंबशुल्क परीक्षेचा अर्ज उशिरा भरल्यावरही लागते. डेमरेज हे वाहन खोळंबवून ठेवल्याचे भाडे आहे. ‘खोळंबा’ हा आपल्याकडचा नेमका शब्द आहे आणि या लेखाचा विषयही तोच. खोळंब्याचे मोल कोणी द्यायचे, आणि खोळंबा नेमका कोणत्या क्षणी सुरू झाला असे मानायचे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यावर अवलंबून असते, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. ते कळले ते एका मराठी नावाच्या जहाजामुळे.

१

आधी जुना व्यवहार समजून घेऊ. एखाद्या व्यापाऱ्याला धान्य, कोळसा किंवा खनिज असा मोठा माल एका बंदरातून दुसऱ्या बंदरात न्यायचा असेल, तर तो एका सफरीपुरते अख्खे जहाज भाड्याने घेतो. भाडे ठरते ते टनामागे किंवा एकरकमी. पण जहाजमालकाचा खर्च टनावर चालत नाही, दिवसावर चालतो. खलाशांचे पगार, इंधन, विमा, कर्जाचे व्याज हे सारे जहाज चालत असो वा उभे असो, रोज लागतच राहते. समुद्रात किती दिवस जातील हे मालक आपल्या अनुभवाने धरून चालतो. बंदरात किती दिवस जातील हे मात्र त्याच्या हातात नसते. माल बंदरावर आला आहे की नाही, मजूर आहेत की नाहीत, होड्या आहेत की नाहीत, हे व्यापाऱ्याच्या बाजूचे प्रश्न.

म्हणून करारात लिहिले जाते, की माल चढवायला आणि उतरवायला इतका वेळ दिला आहे, आणि तो भाड्यातच धरला आहे. या फुकट मिळालेल्या मुदतीला ‘लेटाइम’ म्हणतात. (त्यातला ‘ले’ उशिराचा नाही, उशीर होण्याच्या आधीचा जो वेळ, तो लेटाइम.) ही मुदत संपली आणि काम उरले, की दर दिवसाला ठरलेल्या रकमेप्रमाणे डेमरेज सुरू होते. मुदतीआधी काम आटोपले, तर मालक उलट व्यापाऱ्याला बक्षिसी देतो. तिला ‘डिस्पॅच’ म्हणतात आणि तिचा दर बहुधा डेमरेजच्या निम्मा असतो.

ही कल्पना नवी नाही. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या ओलेराँ बेटाच्या नावाने ओळखली जाणारी मध्ययुगीन नौकासंहिता आहे. ठरलेल्या वेळेत व्यापाऱ्याने माल भरला नाही, तर त्याने तांडेलाला भरपाई द्यावी, असे तीत सांगितले आहे. त्या भरपाईतला चौथा हिस्सा खलाशांचा आणि तीन हिस्से तांडेलाचे, कारण खलाशांना जेवू घालण्याचा खर्च त्याचा. म्हणजे कित्येक शतकांपूर्वीही, वाट पाहणारा माणूस त्या काळात खातो, हे कायद्याने ओळखले होते.

आता एक हिशोब करून पाहू. आकडे माझे आहेत, रीत धंद्यातली. समजा, कोकण किनाऱ्यावरच्या एखाद्या बंदरात ३६,००० टन लोहखनिज भरायचे आहे. करारात लिहिले आहे, की रोज ६,००० टन या गतीने भरावे, ‘हवामानाने काम करू दिलेला दिवस’च मोजावा आणि रविवार धरू नये. म्हणजे लेटाइम सहा दिवसांचा. डेमरेज दिवसाला १०,००० डॉलर.

जहाज सोमवारी सकाळी दहा वाजता पोहोचते आणि कप्तान नोटीस देतो, की मी आलो आहे, भरायला तयार आहे. या कागदाला ‘नोटीस ऑफ रेडिनेस’ म्हणतात. नोटीस दुपारच्या बाराआधी दिली, तर घड्याळ त्याच दिवशी दुपारी एकला सुरू होते, अशी नेहमीची अट. सोमवारी दुपारी एक ते शनिवारी मध्यरात्र हा वेळ झाला पाच दिवस अकरा तास. त्यात बुधवारी आठ तास पाऊस पडला आणि काम बंद राहिले, ते वजा केले. उरले पाच दिवस तीन तास. रविवार मोजायचा नाही. म्हणजे मुदतीतले एकवीस तास शिल्लक, ते सोमवारी रात्री नऊला संपले.

तोपर्यंत माल भरून झालेला नाही. खनिज आणणाऱ्या होड्या कमी पडल्या असे धरू. काम गुरुवारी सकाळी नऊला संपते. सोमवार रात्री नऊ ते गुरुवार सकाळी नऊ हे अडीच दिवस, म्हणजे २५,००० डॉलर. आणि या अडीच दिवसांत पुन्हा सहा तास पाऊस पडला असेल तर? तो वजा होत नाही. धंद्यातला जुना नियम आहे, की एकदा डेमरेज लागले की लागले. मुदतीच्या आत पाऊस व्यापाऱ्याला सवलत देतो, मुदतीनंतर देत नाही. कारण व्यापाऱ्याने वेळेत काम संपवले असते, तर तो पाऊस जहाजाला समुद्रात भेटला असता, बंदरात नव्हे.

या हिशोबाचा आधार म्हणजे ‘स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्स’ नावाचा कागद. जहाज कधी आले, नोटीस कधी दिली, काम कधी सुरू झाले, पाऊस किती ते किती पडला, क्रेन कधी बिघडली, याची तासामिनिटांची नोंद त्यात असते आणि सगळ्या बाजूंच्या सह्या असतात. पावसाची नोंद अर्ध्या तासाने चुकली तरी पुढे महिनोन्‌महिने पत्रव्यवहार चालतो. पण या कागदावर सगळ्यांत महाग नोंद पावसाची नसते. ती पहिल्या ओळीची असते, ‘जहाज पोहोचले.’

२

शिपिंगच्या कायद्याचे पाठ्यपुस्तक मी प्रथम चाळले तेव्हा परक्या नावांच्या गर्दीत एक नाव वाचून थबकलो, ‘मराठा एन्व्हॉय’. गोव्यातल्या चौगुल्यांच्या जहाजांची नावे ‘मराठा’ शब्दाने सुरू होत. मांडवी आणि झुआरी नद्यांतून बार्जेस खनिज घेऊन मुरगावला येत आणि तिथून ते परदेशी जाई. त्या व्यापारातून जे घराणे जहाजमालक झाले, त्यांचे हे जहाज. त्याने मात्र कायद्यात नाव मिळवले ते खनिजामुळे नाही, धान्यामुळे. आणि गोव्यात नाही, उत्तर जर्मनीत.

जहाज मालकांकडून कॅनडातल्या फेडरल कॉमर्स या कंपनीने मुदतीवर घेतले होते. तिने ते एका सफरीपुरते ट्रॅडॅक्स या धान्यव्यापारी कंपनीला दिले. उत्तर अमेरिकेतल्या महासरोवरांच्या प्रदेशातून धान्य भरायचे आणि जर्मनीतल्या वेसर नदीवरच्या चार बंदरांपैकी ट्रॅडॅक्स सांगेल त्या बंदरात उतरवायचे, असा करार. बंदर पुढे ठरले ते ब्राके.

१९७० च्या डिसेंबरात ‘मराठा एन्व्हॉय’ वेसरच्या तोंडाशी आले तेव्हा धक्का मोकळा नव्हता. नदी अरुंद, मोठ्या जहाजांना तिच्यात नांगर टाकून थांबायला जागा नाही. म्हणून धक्क्याची वाट पाहणारी जहाजे बाहेर समुद्रात, वेसरच्या दीपनौकेजवळ थांबत. दीपनौका म्हणजे जिथे दीपगृह बांधता येत नाही तिथे दिवा घेऊन कायम नांगरलेली नौका. ही जागा नदीच्या मुखापासून सुमारे पंचवीस मैलांवर होती. त्या काळात तिथे थांबणे म्हणजेच ब्राकेच्या रांगेत उभे राहणे, हे प्रत्येक खलाशाला ठाऊक होते. पण नकाशावर ती जागा ब्राके बंदराच्या हद्दीबाहेर होती.

इथे चार वर्षांपूर्वीच्या नव्हे, तर याच वादाच्या दरम्यान लागलेल्या एका निकालाचा उल्लेख करायला हवा. १९७३ मध्ये ‘योहाना ओल्डेनडॉर्फ’ या जहाजाच्या खटल्यात इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सने ‘पोहोचलेले जहाज’ याची कसोटी ठरवली. ते जहाज लिव्हरपूलच्या गोदीपासून सतरा मैलांवर नांगरले होते, पण ती जागा लिव्हरपूल बंदराच्या हद्दीत मोडत होती. न्यायालय म्हणाले, की जहाज बंदराच्या हद्दीत, नेहमी वाट पाहण्याच्या जागी असेल आणि भाडेकऱ्याने बोलावताच हजर होऊ शकत असेल, तर ते पोहोचले. धक्क्याला लागले पाहिजे असे नाही. सतरा मैल म्हणजे दूर नव्हे, कारण वायरलेस आणि आधुनिक इंजिनाच्या काळात जहाजाला बोलावल्यावर यायला वेळ लागत नाही. तत्पूर्वी १९६० साली याच न्यायालयाने याहून कडक कसोटी लावली होती, ती आता मोडीत निघाली.

या कसोटीत ‘हद्दीत’ हा शब्द होता आणि ‘मराठा एन्व्हॉय’ हद्दीबाहेर होते. जहाजावरच्या मंडळींना हा धोका १९७० मध्येच दिसत होता. त्यांनी काय केले ते वाचून मला प्रथम हसू आले होते. जहाजाने दीपनौकेजवळचा नांगर उचलला, नदीतून वर ब्राकेसमोर गेले, तिथे वळले आणि पुन्हा समुद्रात दीपनौकेजवळ येऊन थांबले. ब्राकेच्या हद्दीत पाय लावून आल्यासारखे. तेवढ्यात नोटीस दिली, की आम्ही पोहोचलो. अशा फेरीला पुढे न्यायालयीन भाषेत ‘सोयीची सफर’ म्हटले गेले. लपंडावात राज्यावर पाय ठेवून परत पळून जाणाऱ्या पोरासारखा हा प्रकार. पण हा पोरखेळ करण्यामागे हजारो डॉलर होते. घड्याळ त्या फेरीपासून सुरू झाले असे मानले, तर रांगेतला सगळा खोळंबा ट्रॅडॅक्सच्या खात्यात. नाही मानले, तर जहाजाच्या.

पहिल्या न्यायालयात निकाल जहाजाच्या विरुद्ध गेला. मधल्या न्यायालयात जहाजाची बाजू जिंकली. १९७७ मध्ये प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्‌ससमोर आले आणि तिथे जहाज हरले. लॉर्ड डिप्लॉक यांनी मांडलेला तर्क थोडक्यात असा. एका सफरीच्या करारात चार टप्पे असतात. रिकाम्या जहाजाने भरण्याच्या बंदरापर्यंत जाणे, तिथे माल भरणे, भरल्या जहाजाने उतरवण्याच्या बंदरापर्यंत जाणे, तिथे माल उतरवणे. प्रवासाच्या दोन टप्प्यांतला उशीर जहाजाच्या माथी, भरण्या-उतरवण्याच्या दोन टप्प्यांतला व्यापाऱ्याच्या माथी. एक टप्पा पूर्ण संपल्याशिवाय दुसरा सुरू होत नाही. दीपनौकेजवळ असलेल्या जहाजाचा प्रवास अजून संपलेला नाही. मधेच बंदराला शिवून परत आल्याने तो संपत नाही, कारण नोटीस देऊन जहाज जिथे थांबणार, ती जागा पुन्हा हद्दीबाहेरचीच.

निकाल निष्ठुर वाटतो. जहाज जिथे थांबले, त्याहून जवळ थांबण्याची सोयच नव्हती. त्याचा काहीही दोष नव्हता. पण न्यायालयाची भूमिका अशी, की दोष कोणाचा हे इथे विचारायचेच नाही. खोळंब्याचा धोका करारात आधीच वाटलेला आहे आणि वाटणीची रेषा स्पष्ट असणे सगळ्यांच्या हिताचे आहे. रेषा पटत नसेल, तर करारात दुसरी आखा. धंद्याने तसेच केले. ‘धक्क्याला असो वा नसो’, ‘बंदरात असो वा नसो’ अशा चार-चार शब्दांच्या पुरवण्या करारात पडू लागल्या. ‘धक्क्याची वाट पाहण्यात गेलेला वेळ मुदतीत धरावा’ असे कलम तर त्या करारातही अनोळखी नव्हते, अशा कलमांची भाषा किती ताणायची एवढाच वाद असे. माल भरण्याच्या बंदरातही हीच कसोटी लागते. म्हणून आजही करार वाचणारा जाणता माणूस भाड्याच्या दराआधी हे चार शब्द शोधतो.

३

आता नाशकाकडे येतो. इथून मुरगाव दूर, ब्राके त्याहून दूर, आणि आमचा कांदा अख्ख्या जहाजाने जात नाही, कंटेनरने जातो. मग हा सगळा जुना इतिहास आमच्या काय कामाचा?

१९५६ च्या एप्रिलमध्ये ‘आयडियल एक्स’ नावाचे जहाज अमेरिकेत नेवार्कहून ह्यूस्टनला कंटेनर घेऊन निघाले, आणि तिथून जो बदल सुरू झाला, त्याने खोळंब्याचे गणित उलटे केले. आपल्याकडे १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि नाशिक-निफाडचा माल त्या गणितात आला. कंटेनरचे जहाज बसगाडीसारखे वेळापत्रकावर चालते. एका जहाजात हजारो व्यापाऱ्यांचा माल असतो, ते एकासाठी थांबत नाही. ठरलेल्या तासापर्यंत कंटेनर बंदराच्या फाटकातून आत गेला नाही, की तो राहिला, पुढच्या जहाजाला. या तासाला आमच्या धंद्यात ‘कटऑफ’ म्हणतात, आणि नाशकातल्या निर्यातदाराच्या घरात आठवड्यातल्या वारांपेक्षा कटऑफ जास्त लक्षात ठेवले जातात. कसारा घाटात एखादा ट्रेलर आडवा झाला, की कटऑफ जातो.

पूर्वी जहाज मालाची वाट पाहायचे आणि वाट पाहण्याचे पैसे घ्यायचे. आता माल जहाजाची वाट पाहतो, आणि पैसेही मालच देतो. रिकामा कंटेनर शिपिंग कंपनीच्या यार्डातून उचलला, की त्याचे फुकटचे दिवस सुरू होतात. ते संपले की बंदराबाहेर ‘डिटेन्शन’, बंदराच्या आवारात ‘डेमरेज’, शिवाय टर्मिनलचे जागाभाडे. कांदा किंवा द्राक्षे वातानुकूलित कंटेनरमध्ये असतील, तर वीजजोडणीचे पैसे वेगळे. जुन्या करारातला डेमरेजचा दर दोन तोलामोलाच्या पक्षांनी घासाघीस करून ठरवलेला आणि सपाट असे. आताचा दर शिपिंग कंपनीच्या छापील तक्त्यातून येतो आणि बहुधा दिवस वाढतील तसा चढत जातो. पावसाचा तास वजा होत नाही, रविवार वगळला जात नाही. लवकर काम केले म्हणून कोणी बक्षिसी देत नाही. जुन्या लेटाइमच्या मागे जी देवाणघेवाण होती, तिच्यातली देवाण तेवढी उरली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत नौवहन महासंचालनालयाने २२ मार्च ते १४ एप्रिल या काळाचे कंटेनर-डिटेन्शन घेऊ नये असे शिपिंग कंपन्यांना सुचवले होते. सगळा देश बंद असताना घड्याळ थांबवायलाही सरकारला बोलावे लागले, कारण करारात ते आपण होऊन थांबण्याची सोयच नव्हती.

आणि तरीही, ‘पोहोचले म्हणजे काय’ हा प्रश्न गेलेला नाही. तो आमच्यापुढे ७ डिसेंबर २०२३ रोजी उभा राहिला.

त्या दिवशी केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने अधिसूचना काढली, की ८ डिसेंबरपासून कांद्याची निर्यात बंद. त्याआधी १४ सप्टेंबर २०२० रोजीही अशीच अचानक बंदी आली होती, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये चाळीस टक्के निर्यातशुल्क लागले तेव्हा जिल्ह्यातले लिलाव बंद पडले होते. त्यामुळे धक्का नवा नव्हता. मी अधिसूचना पुन्हा पुन्हा वाचली ती तिच्यातल्या सवलतींसाठी. वाटेत असलेल्या मालाचे काय, याचे उत्तर तिथे असते. सवलती तीन होत्या. बंदीपूर्वी जहाजावर कांदा चढवायला सुरुवात झाली असेल, तर तो जाऊ शकेल. शिपिंग बिल दाखल झालेले असेल आणि जहाज बंदीपूर्वीच भारतीय बंदरात धक्क्याला लागले असेल किंवा येऊन नांगरले असेल व त्याला रोटेशन क्रमांक मिळाला असेल, तर जाऊ शकेल. मात्र जहाज खरोखर आले होते हे बंदराच्या अधिकाऱ्यांनी कळवले पाहिजे. आणि माल बंदीपूर्वी कस्टम्सच्या ताब्यात गेला असेल व तशी त्यांच्या यंत्रणेत नोंद असेल, तर जाऊ शकेल.

‘धक्क्याला लागले असेल किंवा येऊन नांगरले असेल’ हे शब्द वाचताना मला वेसरची दीपनौका आठवली. शंभर वर्षे इंग्रज न्यायाधीश ज्या रेषेवर भांडले, तीच रेषा दिल्लीतल्या एका कागदाने आमच्या कांद्यापुढे आखली होती.

त्या रेषेच्या कोणत्या बाजूला कोण होते, ते पाहू. एक कंटेनर दुपारीच न्हावा-शेव्याच्या आत गेलेला, कस्टम्सकडे नोंद झालेली. तो पोहोचला. दुसरा त्याच खळ्यावर, त्याच मजुरांनी, दोन तास उशिरा भरलेला. तो बंदराबाहेरच्या रस्त्यावर ट्रेलरच्या रांगेत उभा. रांग बंदराच्या गर्दीमुळे लागलेली, त्यात ट्रेलरवाल्याचा दोष नाही, निर्यातदाराचा नाही. पण तो हद्दीबाहेर, म्हणून पोहोचला नाही. जहाजाप्रमाणे त्याला आत जाऊन, वळून, परत येऊन उभे राहण्याची ‘सोयीची सफर’ही उपलब्ध नव्हती, कारण फाटकावरची नोंद संगणक करतो. तिसरा पिंपळगावला अर्धा भरलेला, आणि चौथ्यासाठी सकाळी लिलावात कांदा घेऊन पैसे दिलेले.

माझा एक कंटेनर दुसऱ्या प्रकारातला होता. त्याचा हिशोब मी जपून ठेवला आहे. अशा कंटेनरमध्ये साधारण अठ्ठावीस टन कांदा असतो. दोन दिवस आशेवर गेले, की खुलासा येईल, नोंद मान्य होईल. ते दिवस फुकटच्या मुदतीतून कापले गेले. मग निर्णय झाला, की माल परत न्यायचा. परतीचे भाडे, मजुरी, रिकामा कंटेनर यार्डात पोहोचवणे आणि मुदतीवरच्या दिवसांचे डिटेन्शन. शिपिंग कंपनीला आम्ही लिहिले, की बंदी सरकारची आहे, आमचा उशीर नाही. उत्तर दोन ओळींचे आले. सरकारने निर्यात थांबवली, आमचा कंटेनर तुमच्याकडे होता हे खरे आहे ना? कायद्याच्या दृष्टीने ते चूक म्हणत नव्हते. लॉर्ड डिप्लॉकही हेच म्हणाले असते, की दोष विचारू नका, रेषा पाहा.

पण जहाजात आणि कांद्यात एक फरक आहे, आणि तो हाउस ऑफ लॉर्ड्‌सपुढे कधी आला नव्हता. दीपनौकेजवळ थांबलेल्या ‘मराठा एन्व्हॉय’चे पोलाद त्या दिवसांत झिजले नाही, पोटातले धान्यही टिकाऊ. डिसेंबरात नाशकातून निघतो तो लाल कांदा. उन्हाळ कांद्यासारखा तो चाळीत महिनोन्‌महिने राहत नाही, काही आठवड्यांत त्याला कोंब फुटतात, सड लागते. त्याच्यासाठी खोळंबा म्हणजे नुसते भाडे नाही. दर दिवसाला माल कमी होत जाणे. आजोबांच्या वेळी मी केलेली शब्दाची चूक इथे खरी ठरते. कांद्याच्या बाबतीत डॅमरेज हेच डॅमेज.

परत आलेला कांदा मी पुन्हा बाजारात विकला, अर्थात पडलेल्या भावात. डिटेन्शनचे बिल भरले. पुढच्या हंगामात कांदा घेताना असा एखादा कंटेनर अडकेल हे गृहीत धरून बोली लावली, म्हणजे क्विंटलमागे थोडी कमी. मी एकटाच असे करत नाही. जहाजमालकाने खोळंब्याचा धोका भाड्यात धरला, व्यापाऱ्याने तो करारात ढकलला, शिपिंग कंपनीने तक्त्यात छापला, मी बोलीत वजा केला. ट्रॅक्टर घेऊन लिलावात उभ्या असलेल्या शेतकऱ्याकडे मात्र तो पुढे ढकलायला कोणी नाही. त्याच्यापाशी ना नोटीस असते, ना ‘बंदरात असो वा नसो’ असे चार शब्द लिहून घेण्याची ताकद.

बंदी पुढे लांबली आणि ४ मे २०२४ रोजी किमान निर्यातमूल्य आणि शुल्कासह उठली. त्या दिवशी मी लासलगावात होतो. आजोबा ज्या फलाटाजवळ वाघिणी मोजत, तिथे थोडा वेळ उभा राहिलो. त्यांच्या जुन्या वह्यांत डॅमरेजचा एक वेगळा रकाना होता आणि त्यात वाघिणीचा क्रमांक, लागल्याची वेळ, सुटल्याची वेळ अशा नोंदी असत. शेवटच्या स्तंभात ते एक अक्षर लिहीत, ‘आ’ किंवा ‘श’. आडत्याच्या खात्यातून किंवा शेतकऱ्याच्या पट्टीतून. मी त्या वहीची काही पाने मोजली होती. ‘श’ जास्त होते.